दोघं, एक टीव्ही आणि पाच नावं

गोष्ट पुंडलिकनगरमधली आहे. रचलेली आहे, पण भाड्याच्या खोलीत मित्रासोबत राहिलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दोघं राहतात. एक बँकेत आहे, दुसरा वाळूजच्या एका कंपनीत. वार शुक्रवार. उद्या महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणून बँकवाल्याला सुट्टी. कंपनीवाल्याला मात्र पहिली शिफ्ट, सहाला बस नाक्यावर उभी असते. आठ वाजता शेवभाजीचं पार्सल उघडलं, टीव्ही लावला आणि प्रश्न आला : काय बघायचं?

"तू सांग."

"काही पण चालेल यार, तूच लाव."

बँकवाल्यानं चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' सुचवला. कितीतरी दिवसांपासून त्याच्या यादीत होता. कंपनीवाला म्हणाला, "आज डोक्याला ताण नको." मग त्यानं 'अशी ही बनवाबनवी' म्हटलं. "पाठ आहे आपल्याला सगळा." मग 'किल्ला' निघाला. "छान आहे म्हणतात, पण नंतर कधीतरी." मग 'सैराट'. "नको, शेवट माहितीये." मधेच 'तुंबाड' पडद्यावर आला. दोघंही म्हणाले, "हा पण चालेल, पुढे बघ अजून काय आहे." पुढे बरंच काही होतं. 'तुंबाड' पुन्हा दोनदा समोर आला आणि दोन्ही वेळा वर सरकला. साडेनऊनंतर ट्रेलर सुरू झाले. अकरा वीसला एका जुन्या विनोदी मालिकेचा पाहिलेला भाग लागला, तोही अर्धाच झाला, कारण साडेअकराला नळाला पाणी आलं आणि दोघं बादल्या घेऊन खाली पळाले.

दुसऱ्या दिवशी ही हकिकत ऐकणारा कुणीही एकच निदान करतो : "सिनेमे फार झालेत, म्हणून असं होतं." या निदानाला एक प्रसिद्ध प्रयोगही हाताशी असतो. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावातल्या एका किराणा दुकानात शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी जॅम चाखायला ठेवले. कधी 24 प्रकारचे, कधी फक्त 6. चोवीस बाटल्यांपाशी येणाऱ्यांपैकी 60 टक्के लोक थांबले, सहा बाटल्यांपाशी 40 टक्के. पण सहा बाटल्यांपाशी थांबलेल्यांपैकी 30 टक्के लोकांनी जॅम विकत घेतला, चोवीसपाशी थांबलेल्यांपैकी केवळ 3 टक्क्यांनी. हा निबंध 2000 साली छापून आला आणि तेव्हापासून भाषणांत, पुस्तकांत, कंपन्यांच्या बैठकांत तो इतक्या वेळा सांगितला गेलाय की जॅम न खाणाऱ्यांनाही पाठ झालाय.

त्यापुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. 2010 मध्ये बेन्यामिन शायबेहेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 50 प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. काही प्रयोगांत जास्त पर्यायांनी माणसं गोंधळली होती, तर काहींत उलट खूश झाली होती. सगळ्यांची सरासरी काढली तर परिणाम जवळपास शून्य आला. म्हणजे नुसत्या संख्येला दोष देऊन भागत नाही. पाच वर्षांनी अलेक्झांडर चेर्नेव्ह आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला : जिथे गोंधळ होतो, तिथे आणखी काय असतं? त्यांना चार गोष्टी सापडल्या. पर्याय एकमेकांशी तुलना करायला अवघड असणं, निवडीचं काम वेळेच्या किंवा इतर दडपणाखाली असणं, आपल्याला नेमकं काय आवडतं हे स्वतःलाच स्पष्ट नसणं, आणि निवडणाऱ्याचा हेतू. म्हणजे निवड खरंच करायची आहे की नुसतं चाळायचं आहे.

आपल्या खोलीत यातल्या चारही गोष्टी हजर होत्या. 'कोर्ट' आणि 'बनवाबनवी' यांची तुलना कोणत्या मापानं करायची? सकाळच्या शिफ्टचं दडपण होतंच. "काही पण चालेल" म्हणणाऱ्याला काय चालतं हे त्यालाच माहीत नव्हतं. आणि साडेनऊनंतर दोघं सिनेमा निवडत नव्हते, यादी बघत होते. ट्रेलर बघणं हेच त्या रात्रीचं मनोरंजन होऊन बसलं होतं. ही पायरी ओलांडली गेलीय हे ओळखायची खूण सोपी आहे. तेच नाव तिसऱ्यांदा समोर येऊनही आपण पुढे सरकतो, तेव्हा शोध संपलेला असतो आणि फक्त बोट चालू असतं.

तरीही खोलीतलं खरं कोडं वेगळंच आहे. बँकवाला एकटा असता तर त्यानं 'कोर्ट' लावला असता. कंपनीवाला एकटा असता तर 'बनवाबनवी' बघून साडेअकरापर्यंत घोरत असता. एकट्याला जमणारं काम दोघांना का जमलं नाही?

इथे थोडं गणित करून पाहू. आकडे मी मानलेले आहेत, पण त्यांचा कल खरा आहे. समजा यादीतल्या दर दहा सिनेमांपैकी तीन एखाद्याला "आज चालतील" असे वाटतात. मग एकट्या माणसाला तीन-चार नावं चाळली की एक सिनेमा सापडतो. आता दुसराही तेवढाच चोखंदळ आहे आणि दोघांच्या आवडीचा एकमेकांशी संबंध नाही असं धरा. दोघांनाही चालेल अशा सिनेमांचं प्रमाण दहात तीनच्या दहात तीन, म्हणजे शंभरात नऊ. एक सिनेमा सापडायला आता अकरा नावं लागतात. दोघं आणखी थोडे चोखंदळ झाले, दहात तीनऐवजी दहात दोनच चालू लागले, तर एकट्याला पाच नावं लागतील आणि दोघांना पंचवीस. आवडी परस्परविरोधी असल्या तर त्याहूनही जास्त.

हे आकडे नेटफ्लिक्समध्ये काम करणाऱ्या दोघांनी छापलेल्या एका निरीक्षणाशेजारी ठेवले की अर्थ लागतो. कार्लोस गोमेझ-उरिबे आणि नील हंट यांनी 2015 मधल्या निबंधात लिहिलं की त्यांचा साधारण प्रेक्षक 60 ते 90 सेकंदांत शोधाला कंटाळतो. तोवर त्यानं दहा ते वीस नावं नजरेखालून घातलेली असतात, त्यातली तीनेक जरा नीट पाहिलेली असतात. म्हणजे माणसाचा धीर दहा-वीस नावांचा. एकट्याला लागतात तीन ते पाच, तो आरामात पार होतो. दोघांना लागतात अकरा ते पंचवीस, ते नेमके धीर सुटतो त्या जागी अडकतात. सिनेमे कमी असोत की जास्त, हा हिशेब बदलत नाही.

याच कंपनीनं 2021 मध्ये 'प्ले समथिंग' नावाचं बटण आणलं होतं. दाबलं की यंत्र स्वतःच काहीतरी लावायचं. दोन वर्षांत ते काढून टाकलं गेलं. बहुतेक लोक नक्की काय बघायचंय ते ठरवूनच येतात, आणि हे बटण फारसं वापरलं जात नाही, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. खोलीत दोघं असताना तिसऱ्यानं, तेही यंत्रानं, लावलेल्या सिनेमाला नकार देणं सगळ्यात सोपं.

नकारापाशी थोडं थांबायला हवं, कारण संध्याकाळ तिथेच गेली. दोघांच्या खोलीत बहुमत नसतं. मत घ्यायचं म्हटलं तर दर वेळी एक विरुद्ध एक. त्यामुळे न ठरवताच नियम पडतो : दोघं हो म्हणतील तेच लागेल, म्हणजे प्रत्येकाच्या हाती नकाराधिकार. हा अधिकार वापरायला काही पडत नाही. "नको यार" म्हटलं की झालं, कारणही द्यावं लागत नाही. सुचवणाऱ्याला मात्र किंमत मोजावी लागते. सिनेमा रटाळ निघाला तर दोन तास तोच अपराधी. म्हणून शहाणा माणूस सुचवत नाही, "तू सांग" म्हणतो. दोघंही शहाणे असले की पडद्यावरची नावं सरकत राहतात. आपल्याकडे याला भिडस्तपणा समजतात. मला तो बराचसा जोखीम टाळण्याचा प्रकार वाटतो.

मग यादी आधीच करून ठेवावी, असं कुणी म्हणेल. बँकवाल्यानं केलीच होती, 'कोर्ट' तिच्यातच होता. पण अशा यादीचं एक ठरलेलं दुखणं आहे, ते 1999 मध्ये डॅनियल रीड, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि शोभना कल्याणरामन यांनी सिनेमांवरच तपासलं. त्यांनी लोकांना 24 सिनेमांच्या यादीतून निवड करायला सांगितली. यादीत 'शिंडलर्स लिस्ट'सारखे गंभीर सिनेमे होते आणि हलकेफुलकेही होते. आज रात्रीसाठी निवडताना निम्म्याहून जास्त लोकांनी हलका सिनेमा घेतला. पुढच्या दिवसांसाठीचा सिनेमा आजच निवडायचा म्हटल्यावर हलक्याचं प्रमाण घसरलं आणि सगळ्यात लांबच्या दिवसासाठी तर ते तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली गेलं. उद्याचा आपण गंभीर, अभ्यासू, चोखंदळ असतो. आजचा आपण दमलेला असतो.

नंतर बघायच्या सिनेमांची यादी उद्याच्या माणसानं केलेली असते आणि बघायला आजचा माणूस बसतो. म्हणून त्या यादीत 'कोर्ट' वर्षभर पहिल्या नंबरवर राहतो आणि एकदाही लागत नाही. यात सिनेमाचाही दोष नाही आणि प्रेक्षकाचाही. यादी करायचीच असेल तर ती त्याच दिवशी करावी, फार तर जेवणाआधी. महिन्याभरापूर्वीची यादी या कामाला निरुपयोगी.

आता दोघांसाठी उपयोगी पडणारी रीत सांगतो. ती माझी नाही. मित्रमंडळींत, नवरा-बायकोंत, कुठे जेवायला जायचं यावरही ती वापरली जाते आणि सहसा पाच-तीन-एक म्हणून ओळखली जाते. पहिला पाच नावं लिहितो. दुसरा त्यातली दोन खोडतो, तीन उरतात. पहिला उरलेल्या तिनातून एक उचलतो. संपलं.

आपल्या मित्रांवर चालवून पाहू. संध्याकाळी फेकली गेलेली तीच पाच नावं घेऊ. बँकवाल्याचा पसंतीक्रम असा : कोर्ट, किल्ला, तुंबाड, बनवाबनवी, सैराट. कंपनीवाल्याचा असा : बनवाबनवी, तुंबाड, सैराट, किल्ला, कोर्ट. बँकवाल्यानं पाच नावं कागदावर लिहिली. कंपनीवाल्यानं त्याला सगळ्यात नको असलेली दोन खोडली, 'कोर्ट' आणि 'किल्ला'. उरले 'बनवाबनवी', 'तुंबाड' आणि 'सैराट'. बँकवाला त्यातून 'तुंबाड' उचलतो. भूमिका उलट केल्या तर? आता बँकवाला 'सैराट' आणि 'बनवाबनवी' खोडतो, उरलेल्या तिनातून कंपनीवाला 'तुंबाड'च उचलतो. तीन वेळा समोरून सरकलेला सिनेमा दोन्ही वाटांनी लागतो. कुणाचाच तो पहिल्या पसंतीचा नाही. बँकवाल्याचा तिसरा, कंपनीवाल्याचा दुसरा. पण कुणाच्याच तळाचाही नाही.

हा योगायोग नाही. खोडणाऱ्यानं त्याचे शेवटचे दोन खोडले की जे काही लागेल ते त्याच्या पहिल्या तिनातलंच असणार. उचलणाऱ्यासमोर तीन नावं असतात. पाचातली कुठलीही तीन घेतली तरी त्यात त्याच्या पहिल्या तिनातलं निदान एक असतंच, कारण पहिल्या तिनाबाहेर दोनच नावं आहेत. तो सगळ्यात आवडतं उचलतो, म्हणून त्यालाही वाईटात वाईट तिसरं मिळतं. दोघांनाही पाचात तिसऱ्याच्या खाली जाऊ न देणारी ही हमी आहे. पाचाऐवजी चार नावं घेऊन दोन खोडली तर ती एवढी भक्कम राहत नाही. मग उचलणाऱ्याच्या वाट्याला त्याचं तळातलं नाव आणि त्याच्या लगेच वरचं, एवढंच उरू शकतं.

नाणं उडवलं असतं तर? छाप पडली तर 'कोर्ट', काटा पडला तर 'बनवाबनवी'. पहिल्यात कंपनीवाल्याला त्याच्या यादीतला शेवटचा सिनेमा, दुसऱ्यात बँकवाल्याला चौथा. एक बघतो आणि दुसरा मोबाइल उघडतो.

कुणी चलाख असेल तर खोटं खोडून फायदा काढेल का, ही शंका रास्त आहे. कंपनीवाल्याला 'बनवाबनवी' लावायचाच आहे असं समजा. त्यासाठी उरलेल्या तिनात बँकवाल्याला 'बनवाबनवी'हून कमी आवडणारे दोन सिनेमे लागतील. तसा एकच आहे, 'सैराट'. दुसरा मिळत नाही, म्हणून डाव जमत नाही. या पाच नावांत प्रामाणिकपणे खोडणं हेच त्याच्या सगळ्यात फायद्याचं आहे. दर यादीत असं होईलच असं नाही. एकमेकांच्या आवडी पाठ असलेले जुने दोस्त कधीतरी डाव टाकू शकतात. पण चलाखी करूनही दुसऱ्याला त्याच्या तिसऱ्या पसंतीखाली ढकलता येत नाही, हमी दोन्ही बाजूंना टिकते.

खरी पळवाट पहिल्या पायरीवर आहे. हमी पाच नावांपुरती आहे. लिहिणाऱ्यानं पाचही नावं स्वतःच्या तऱ्हेची लिहिली, पाच संथ गंभीर सिनेमे, तर खोडणाऱ्याला दगडापेक्षा वीट मऊ एवढंच उरतं. दोन उपाय आहेत. एक, आलटून पालटून लिहावं, या शुक्रवारी एकानं, पुढच्या वेळी दुसऱ्यानं. मग आज केलेली दांडगाई पुढच्या वेळी परत येते हे दोघांना माहीत असतं. दोन, लिहिणाऱ्यानं तीन नावं द्यावीत आणि खोडणाऱ्यानं दोन घालावीत. मला दुसरा जास्त पटतो, कारण "तू सांग" म्हणायची सोयच त्यात राहत नाही. दोघांनाही नावं द्यावी लागतात आणि सिनेमा रटाळ निघाला तर अपराध वाटून घेतला जातो.

खोडलेलं नाव परत आणायचं नाही, हा नियम मात्र पक्का हवा. "थांब, 'किल्ला' पुन्हा बघू या का?" म्हटलं की सगळं मुसळ केरात. टीव्हीवरच्या यादीचा हाच गुण आणि हाच अवगुण आहे : सरकलेलं काही हातचं जात नाही, कधीही मागे येता येतं. प्रोझोन मॉलमध्ये जाऊन सिनेमा बघायचा म्हटलं तर नऊचा शो नऊलाच सुरू होतो, म्हणून पावणेनऊपर्यंत तिकीट निघतं. खोलीत तसं दार बंद होत नाही, ते आपण बंद करावं लागतं. ट्रेलरही नावं लिहिण्याआधी बघावेत, नंतर नाहीत. अडीच मिनिटांचा एक धरला तरी दहा ट्रेलरना पंचवीस मिनिटं जातात, आणि ट्रेलर बनवणाऱ्याचं काम प्रत्येक सिनेमा बरा वाटायला लावणं हेच असतं. त्यानं तुलना सोपी होत नाही, अवघड होते.

खोलीत तिसरा मित्र आला तर ही रीत जशीच्या तशी चालत नाही. आता बहुमत मिळतं, पण ते गोल फिरू शकतं. एकाचा क्रम कोर्ट, तुंबाड, सैराट. दुसऱ्याचा तुंबाड, सैराट, कोर्ट. तिसऱ्याचा सैराट, कोर्ट, तुंबाड. दोन-दोनचं मत घ्या : 'कोर्ट' 'तुंबाड'ला हरवतो, 'तुंबाड' 'सैराट'ला, आणि 'सैराट' पुन्हा 'कोर्ट'ला. कॉन्डोर्से या फ्रेंच गणितज्ञानं 1785 मध्ये हा चक्रव्यूह दाखवून दिला. तिघांसाठी सरळ उपाय म्हणजे सात नावं घ्यावीत, प्रत्येकानं पाळीनं दोन खोडावीत, उरेल ते लावावं. प्रत्येकाचे तळातले दोन तरी नक्की टळतात.

आणि घड्याळाकडे लक्ष हवं, कारण आपण निवडत नसतो तेव्हा ते निवडत असतं. 'सैराट' 174 मिनिटांचा आहे, 'कोर्ट' 116, 'तुंबाड' पावणेदोन तासांच्या आसपास. साडेनऊला लावलेला 'सैराट' रात्री बारा चोवीसला संपतो. सहाची बस पकडणाऱ्यासाठी तो साडेनऊलाच बाद झालेला असतो, कुणी "नको" म्हणो वा न म्हणो. दहानंतर 'कोर्ट'ही गेला. अकराच्या सुमारास मालिकेच्या वीस मिनिटांच्या भागाशिवाय काहीच बसत नाही, म्हणून तोच लागतो. तेव्हा पाच नावं जेवणाचं पार्सल उघडायच्या आधी कागदावर लिहा, आणि त्यात 'सैराट' असेल तर आठला टीव्ही लावा.